घरकर्ज, जामीनदार आणि जव्हार-मोखाड्याची जमीन

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ पूर्वभागात वसलेल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत एखाद्या प्राथमिक शिक्षकाने, ग्रामसेवकाने अथवा आरोग्यसेविकेने घर बांधण्यासाठी कर्जाचा अर्ज केला, की कर्ज देणारी संस्था घराच्या नकाशाइतक्याच, किंबहुना काकणभर अधिकच आस्थेने एक चौकशी करते : जामीनदार कोण, आणि त्यांचा पगार किती? मुंबई-ठाण्याकडे सदनिकेच्या कर्जाला पुष्कळदा जामीनदार मागितलाही जात नाही. सदनिका हेच पुरेसे तारण मानले जाते, कारण हप्ते थकले तर ती विकून पैसे उभे करता येतील असा भरवसा सावकाराला असतो. इथे तो भरवसा लटका पडतो, आणि त्याचे कारण घराच्या भिंतींत नसून भिंतींखालच्या जमिनीत आहे.

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती येथे बहुसंख्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात १९७४ साली जे कलम ३६-अ घालण्यात आले, त्यान्वये आदिवासी खातेदाराच्या भोगवट्याची जमीन बिगर-आदिवासी इसमाकडे विक्रीने, बक्षिसाने, अदलाबदलीने, गहाणाने वा पट्ट्याने जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्याची, आणि विक्रीसारख्या इतर हस्तांतरणाला राज्य शासनाच्या मान्यतेसह जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. विशेष ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत होणारा लिलावही या बंधनातून सुटलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी जमिनी हातातून गेलेल्या समाजासाठी हे बंधन आवश्यकच होते आणि आजही आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु त्याचा एक अटळ परिणाम असा, की अशा जमिनीवरचे घर लिलावास काढले तर बोली बोलणारे थोडे, किंमत पडती आणि परवानगीचा मार्ग लांबलचक. मग कर्ज देणारी संस्था ज्या तारणाकडे डोळे लावून बसते, ते म्हणजे जामीनदाराचे पगारपत्रक.

जामीनकी म्हणजे मागे उभे राहणे, कर्जदाराकडून काहीच वसूल न झाले तर शेवटी उरेल ते देणे, अशी लोकांची सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत नवी नाही, आणि ती केवळ अडाण्यांचीही नाही. एके काळी महाराष्ट्रातील एका न्यायालयाचा शिरस्ताच तसा होता. १८६९ साली अहमदनगरच्या स्मॉल कॉज न्यायालयापुढे लछमन जोहारीमल या सावकाराचे प्रकरण होते. ऋणको बापू खंडू आणि त्याचा जामीनदार तुकाराम खंडोजी यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळालेला होता, आणि ऋणकोवर काही अंमल करण्यापूर्वीच जामीनदाराला दिवाणी कैदेत टाकावे असा धनकोचा अर्ज होता. ऋणकोवरचे सर्व उपाय थकल्याखेरीज जामीनदाराला हात लावू द्यायचा नाही, अशी त्या न्यायालयाची तोवरची रीत होती. पण ती रीत कायद्याला धरून आहे काय, असा प्रश्न न्यायाधीशांनी मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे पाठविला. मुख्य न्यायाधीश काउच आणि न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी अभिप्राय दिला तो असा, की मूळ ऋणकोविरुद्धचे उपाय संपविण्याचे बंधन धनकोवर नाही, आणि जामीनदाराविरुद्ध मिळालेला हुकूमनामा अन्य कोणत्याही कर्जाच्या हुकूमनाम्याप्रमाणेच बजावता येतो. अहमदनगरच्या त्या शिरस्त्यात दया होती, पण तिला कायद्याचा आधार नव्हता.

तीन वर्षांनी, १८७२ साली भारतीय करार कायदा आला आणि त्याच्या १२८व्या कलमाने हेच तत्त्व एका वाक्यात बसविले : करारात अन्यथा ठरले नसेल, तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच व्यापक असते. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने पुन्हा तीच दया दाखवून बँकेने आधी कर्जदाराकडून वसुली करावी असे फर्माविले होते; सर्वोच्च न्यायालयाने अहमदनगरच्या त्या जुन्या निर्णयाचा हवाला देऊन ती अट रद्द केली. धनकोला आधी दुसरीकडे पाठविले तर जामीन घेण्याचा हेतूच फोल ठरतो, हे त्या निकालाचे सार. म्हणून ‘आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या’ असे बँकेला ऐकविणाऱ्या जामीनदाराची कळकळ कितीही खरी असली, तरी ते त्याच्या अधिकारातले उत्तर नव्हे.

आता हे तत्त्व एका घरापर्यंत नेऊन पाहू. समजा, जव्हारच्या एका शिक्षकाने बँकेकडून १५ लाख रुपयांचे घरकर्ज, दरसाल ९ टक्के व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीवर घेतले. मोखाड्याच्या शाळेतील एक सहकारी आणि खोडाळ्याचे एक नातलग, दोघेही पगारदार, त्यांना जामीन राहिले. अशा सह्या होतात त्या बहुधा शाळेच्या व्हरांड्यात किंवा पंचायत समितीच्या आवारात. ‘गुरुजी, सही तेवढी करा, हप्ता माझ्या पगारातूनच जातो, तुम्हाला काही बघायला लागणार नाही,’ एवढ्या आश्वासनावर दहाबारा पानांच्या हमीपत्राची पाने उलटली जातात आणि फुलीच्या खुणा दिसतील तिथे नाव लिहिले जाते.

या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १३,४९६ रुपये येतो. सहा वर्षे तो बिनचूक भरला गेला असे धरले, तर ७२ हप्त्यांत मिळून सुमारे ९ लाख ७२ हजार रुपये बँकेत जमा झाले. मोखाड्याच्या गुरुजींना स्वाभाविकच वाटते, की पंधरातले पावणेदहा लाख फिटले, आता जोखीम पाच-सव्वापाच लाखांची. प्रत्यक्षात त्या दिवशी शिल्लक मुद्दल सुमारे १२ लाख ८७ हजार असते. आरंभीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो आणि मुद्दल हळूहळू झिजते. सहा वर्षांत मुद्दलापोटी जेमतेम २ लाख १३ हजार गेलेले असतात. जामीनदाराने वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा डोळ्यांखालून घातला, तर आपल्या सहीचे त्या घटकेचे मोल त्याला अचूक कळते. असा उतारा कर्जदाराकडे मागायला संकोच वाटू नये, कारण हे खाते निम्मे आपलेही आहे. कायद्याच्या दृष्टीने तर पुरतेच आपले आहे.

हप्ते थकले तर पुढे काय घडते? थकबाकी ९० दिवसांपेक्षा अधिक राहिली, की बँक ते खाते अनुत्पादक म्हणून वर्ग करते. त्यानंतर २००२ च्या प्रतिभूतिकरण कायद्याच्या, म्हणजे बँकांच्या भाषेत ‘सरफेसी’च्या, कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस निघते. या कायद्याच्या व्याख्येत ‘कर्जदार’ या शब्दात जामीनदाराचाही समावेश आहे, आणि म्हणून नोटीस जव्हारला जाते तशी मोखाड्याला आणि खोडाळ्यालाही येते. ती नोटीस पाहून बरेच जण सुन्न होऊन ती कपाटात ठेवतात, आणि हीच सर्वांत महागडी चूक ठरते. नोटिशीला लेखी हरकत घेता येते, आणि हरकत घेतली तर ती अमान्य करण्याची कारणे बँकेने पंधरा दिवसांत कळवावी लागतात. रक्कम चुकीची असेल, भरलेले हप्ते जमा दाखविले नसतील, विम्याचा दावा प्रलंबित असेल, तर ते कागदावर आणण्याची हीच जागा आहे. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये निश्चित केले.

परंतु या नोटिशीने जे घडत नाही, तेही तितकेच नीट समजून घ्यावे. सरफेसीचा मारा तारण दिलेल्या मालमत्तेवर चालतो. मोखाड्याच्या गुरुजींनी आपले घर गहाण टाकलेले नसेल, तर केवळ या नोटिशीच्या बळावर बँक त्यांच्या दाराला सील लावू शकत नाही. त्यातच, शेतजमिनीवर निर्माण केलेला तारणहक्क या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. म्हणून ज्या पाड्यावरचे घर बिनशेती न झालेल्या जमिनीवर उभे आहे, तेथे मूळ घरावरही बँकेला सरफेसी चालविता येणे दुरापास्त होते. मग बँकेला दिवाणी दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागतो (येणे २० लाखांच्या वर असते तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागले असते), आणि त्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीत जामीनदाराचा पगार जप्तीस येतो. मात्र ज्या बँकेत जामीनदाराचे पगारखाते आहे तिच्याच कर्जाला तो जामीन राहिला असेल, तर खात्यातील रक्कम थकबाकीत वळती करून घेण्याचे कलम हमीपत्रात बहुधा असतेच. तेव्हा पगार जप्त होण्यापूर्वीच खाते रिकामे झालेले दिसू शकते.

पगाराच्या जप्तीला कायद्याने मर्यादा घातली आहे आणि ती फारच थोड्या जामीनदारांना ठाऊक असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमाप्रमाणे अशा हुकूमनाम्यापोटी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून मुक्त असतात. जप्तीस पात्र असा पगार ४६,००० रुपये धरला, तर १,००० अधिक ४५,००० चे दोन तृतीयांश म्हणजे ३०,०००, असे ३१,००० रुपये घरी येतात आणि १५,००० रुपये कापले जातात. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी जप्ती सलग वा तुटक मिळून चोवीस महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मुक्त होतो. म्हणजे या हिशेबाने एका जामीनदाराच्या पगारातून फार तर ३ लाख ६० हजार. बाकी रकमेसाठी धनकोला त्याची दुसरी मिळकत शोधावी लागते. हमीपत्रात ‘मी ही सवलत सोडून देत आहे’ असे कलम घातले असले तरी ते रद्दबातल होय. संहितेनेच तसे म्हटले आहे.

पतसंस्थेचा मार्ग मात्र निराळा, आणि जामीनदाराच्या दृष्टीने अधिक जलद आहे. पतसंस्थांना सरफेसीचे हत्यार नाही. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ४९व्या कलमाखाली सभासद आपल्या पगारातून संस्थेचे येणे कापून घेण्याचा करारनामा लिहून देऊ शकतो, आणि एकदा तो लिहून दिला की संस्थेच्या मागणीपत्रावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याला कपात करावीच लागते. शिक्षकांच्या पतसंस्थेत जामीनदारही सभासदच असतो आणि अर्जाबरोबर तोही हा करारनामा देऊन बसतो. येथे न्यायालय नाही, जप्ती नाही, म्हणून एक तृतीयांशाचा तो हिशेबही नाही. करारनाम्यात ठरेल तो हप्ता पगारपत्रकावर दिसू लागतो. याखेरीज कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळविण्याची वाट आहे. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करावयाचा झाल्यास वसुलीयोग्य रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. ज्याच्याजवळ निम्मी रक्कम आहे असा जामीनदार विरळा. म्हणून निबंधकापुढच्या पहिल्या सुनावणीलाच आपली बाजू, कागदपत्रांसह, मांडली पाहिजे. समन्स आले असता गैरहजर राहणे म्हणजे आपल्याच हाताने दार लावून घेणे होय.

निवृत्त जामीनदाराच्या बाबतीत एक दिलासा आहे. निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी यांना जप्तीपासून संरक्षण आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की निवृत्तीची रक्कम मुदतठेवीत गुंतविली म्हणून तिचे ते संरक्षण लोप पावत नाही. हा निकाल एका जामीनदाराच्याच बाबतीत झालेला आहे.

कर्जदाराचा मृत्यू झाला तर? येथे दुःख आणि व्यवहार यांची इतकी गुंतागुंत होते, की महिनोन्‌महिने कोणी बँकेची पायरी चढत नाही. मयताच्या पत्नीला जामिनाचा विषय काढणे निर्दयपणाचे वाटते आणि मोखाड्याचे गुरुजी दिवसकार्य झाल्यावर बोलू म्हणून थांबतात. तोवर मयताच्या पगारातून होणारी कपात थांबलेली असते आणि ९० दिवसांचे घड्याळ चालू झालेले असते. कर्जदाराच्या मृत्यूने कर्ज नष्ट होत नाही, आणि जामीनकीही संपत नाही. उलट पगार बंद झाल्याने धनकोची दृष्टी जामीनदाराकडे अधिक वेगाने वळते.

अशा वेळी पहिला शोध विम्याचा. घरकर्जाबरोबर पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा एकरकमी हप्त्याचा गटविमा उतरवलेला असतो आणि तो हप्ता कर्जातच मिळवलेला असतो. मंजुरीपत्रात किंवा खात्याच्या पहिल्या महिन्याच्या नोंदींत तो सापडतो. घराच्या इमारतीचा आगीचा विमा ही निराळी गोष्ट आहे, आणि ‘विमा आहे’ या बँकेच्या तोंडी उत्तरावर विसंबलेल्या कुटुंबाला नंतर कळते, की विमा घराचा होता, माणसाचा नव्हता. आयुष्याचा विमा असेल तर त्याची रक्कम मूळ कर्जाइतकी न राहता ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे दरमहा उतरत जाते. आपल्या उदाहरणात सहा वर्षांनी ती साधारण १२ लाख ८७ हजारांच्या आसपास असावी. परंतु हे वेळापत्रक सारे हप्ते वेळेवर भरले गेले असे धरून, आणि आरंभीच्या व्याजदरावर, आखलेले असते. मध्यंतरी दर वाढला असेल किंवा काही हप्ते थकले असतील, तर विम्याची रक्कम आणि बँकेचे येणे यांत जी तफावत पडते, ती पुन्हा वारसांच्या आणि जामीनदारांच्या वाट्याला येते. कर्ज पतिपत्नींच्या नावे असून विमा एकाच्याच आयुष्याचा असणे, हीदेखील नेहमी आढळणारी उणीव आहे. एक गोष्ट मात्र कुटुंबाच्या बाजूची : विमा कायद्याच्या ४५व्या कलमान्वये पॉलिसीला तीन वर्षे लोटल्यावर, आजार लपविला वगैरे कोणत्याही कारणाने ती वादग्रस्त ठरविता येत नाही. सहा वर्षांच्या जुन्या पॉलिसीवर कंपनी असे कारण पुढे करीत असेल, तर हे कलम दाखवून लेखी उत्तर मागावे. दावा वारसांनीच दाखल करावयाचा असतो. पण मृत्यूचा दाखला, खात्याचा उतारा आणि दाव्याचा नमुना एकत्र करून देण्यात जामीनदाराने पुढाकार घेतला, तर तो परोपकार नव्हे, स्वतःच्याच पगाराचे रक्षण आहे.

विमा नसेल तर येणे मयताच्या मिळकतीवर राहते. वारस वैयक्तिकरीत्या बांधले जात नाहीत. वारशाने जे हाती आले असेल तेवढ्यापुरतेच ते जबाबदार असतात. हे तत्त्व या प्रांतात १८६६ च्या मुंबई कायद्यापासून रुजलेले आहे. विधवेच्या स्वतःच्या कमाईवर किंवा कुटुंबनिवृत्तिवेतनावर, तिने सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर, धनकोचा हक्क पोहोचत नाही. जामीनदाराचे दायित्व मात्र अशा कोणत्याही मर्यादेने आकसत नाही : वारसाची जबाबदारी वारशापुरती, जामीनदाराची संपूर्ण. ही विषमता ऐकणाऱ्याला अन्याय्य वाटते, आणि मलाही ती कठोर वाटते. पण जामीनदाराने स्वतः वचन दिलेले असते आणि वारसाने दिलेले नसते, हा तिचा पाया आहे. जव्हार-मोखाड्यात आणखी एक अडचण अशी, की हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. वारस कोण हे समाजाच्या रूढीने ठरते. वाद उद्भवला तर १८२७ च्या आठव्या विनियमाखाली न्यायालयाकडून वारस दाखला आणण्यात वेळ जातो, आणि त्या अवधीत व्याज थांबत नाही.

आता जामीनदाराने पैसे भरले असे समजू. येथवर कायदा त्याच्याशी कठोर होता. येथून पुढे तो त्याच्या बाजूने उभा राहतो, पण हा भाग हमीपत्र भरून घेणारा कारकून कधी वाचून दाखवीत नाही. करार कायद्याच्या १४०व्या कलमाने, सारे येणे चुकते करणारा जामीनदार धनकोच्या जागी येतो. धनकोला ऋणकोविरुद्ध जे हक्क होते ते त्याला मिळतात. १४१व्या कलमाने धनकोजवळच्या तारणांचा लाभ त्याला मिळतो, आणि १४५व्या कलमाने भरलेली रक्कम ऋणकोकडून, तो मयत असल्यास त्याच्या मिळकतीतून, मागता येते. दोन जामीनदार असतील तर १४६व्या कलमाप्रमाणे बोजा आपसांत समान. म्हणजे मोखाड्याच्या गुरुजींनी १२ लाख ८७ हजार एकट्याने भरले, तर निम्मे, सुमारे ६ लाख ४३ हजार, खोडाळ्याच्या जामीनदाराकडून वसूल करण्याचा त्यांना हक्क आहे. त्याऐवजी घराचा लिलाव आधी होऊन त्यातून ९ लाख आले असते, तर उरलेले ३ लाख ८७ हजार दोघांत वाटून प्रत्येकी १ लाख ९३ हजारांच्या आसपास पडले असते. लिलाव आधी व्हावा असा आग्रह धरण्याचा जामीनदाराला हक्क नाही हे खरे. पण त्याची लेखी विनंती करून ठेवण्यात तोटा काहीच नाही, आणि दोन आकड्यांतले हे अंतर पाहता ती अवश्य करावी.

पैसे भरताना केवळ पावती घेऊन घरी येऊ नये. कोणत्या कर्जखात्यापोटी, जामीनदार या नात्याने, किती रक्कम भरली याचा स्पष्ट उल्लेख पावतीत असावा. कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र घ्यावे. आणि गहाणाची मूळ कागदपत्रे कर्जदाराच्या वारसांना परत करण्यापूर्वी माझ्या हक्काची दखल घ्यावी असा अर्ज बँकेला देऊन त्याची पोच ठेवावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याची ९१ आणि ९२ ही कलमे गहाणकर्जाच्या जामीनदाराला गहाण सोडविण्याचा आणि सोडविल्यावर गहाणदार बँकेच्या जागी येण्याचा अधिकार देतात. तरीही कर्जदार आदिवासी आणि जामीनदार बिगर-आदिवासी असेल, तर कलम ३६-अ पुन्हा आडवे येते. जामीनदार बँकेच्या जागी आला तरी ते घर त्याला परवानगीवाचून स्वतःच्या नावे करून घेता येणार नाही. ज्या अडचणीमुळे बँकेने घराऐवजी पगारावर भिस्त ठेवली, ती अडचण पैसे भरल्यानंतर जशीच्या तशी जामीनदाराकडे येते. म्हणून अशा प्रकरणी वारसांशी हप्त्याहप्त्याने परतफेडीचा लेखी करार करणे, हा जमिनीच्या मागे लागण्यापेक्षा कितीतरी व्यवहार्य मार्ग आहे.

सहीपूर्वी हमीपत्रातली दोन ठिकाणे निदान स्वतः वाचावीत. धनकोने जामीनदाराच्या संमतीवाचून कर्जाच्या अटी बदलल्या, ऋणकोशी तडजोड केली किंवा तारण हातचे घालवले, तर करार कायद्याची १३३ ते १४१ या दरम्यानची कलमे जामीनदाराला अंशतः वा पूर्णतः मुक्त करतात. पण बँकांच्या छापील हमीपत्रांत हे लाभ आगाऊच सोडून दिल्याचे वाक्य बहुतेक वेळा असते, आणि न्यायालयांनी अशा वाक्यांना मान्यता दिलेली आहे. दुसरे ठिकाण रकमेचे. १२८व्या कलमातील ‘अन्यथा ठरले नसेल तर’ या शब्दांत जामीनदाराला एक फट ठेवलेली आहे : ‘माझे दायित्व पाच लाखांपुरते’ असे लिहून घेता येते. बँक तसे मान्य करील न करील. परंतु दोन-तीन जामीनदार मिळून बँकेशी बोलत असतील, आणि प्रत्येकाचा पगार तिला हवा असेल, तर ही मागणी सहीच्या आधी केल्यास तिला वजन असते. सहीनंतर ती विनवणी ठरते.

राहता राहिला जामीनदाराच्याच मृत्यूचा प्रश्न. चालू स्वरूपाची हमी जामीनदाराच्या मृत्यूने पुढील व्यवहारांपुरती संपते, असे १३१वे कलम सांगते. घरकर्ज मात्र एकदाच दिले गेलेले असते, त्यात पुढील व्यवहार असे काही उरत नाहीत, आणि म्हणून मोखाड्याचे गुरुजी निवर्तले तरी त्यांच्या मिळकतीवर ही जोखीम, वारशाच्या मर्यादेत, तशीच राहते. त्यांच्या घरच्यांना या सहीची वार्ताच नसेल, तर पहिली नोटीस हीच त्यांची माहिती असते. हमीपत्राची प्रत बँकेकडून मागून घ्यावी, तिच्यासोबत कर्जाचा खाते क्रमांक, दुसऱ्या जामीनदाराचे नाव आणि विम्याच्या पॉलिसीची नक्कल जोडावी, आणि घरातील सातबारा व सेवापुस्तकाच्या नकला ज्या पिशवीत असतात त्याच पिशवीत हे कागद ठेवून पत्नीला व वडील मुलाला दाखवून ठेवावेत.